पुठ्ठ्याच्या नळीला फिल्मचा भाव

पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल, हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट सोडायचं नाही, असा नियम तुमच्या अंधेरीच्या ऑफिसात आहे ना? मग तिन्ही कागद जुळवूनच टाका. त्यासाठी माल मोजायची काही गरज नाही.

समजा, पॅकिंगची स्ट्रेच फिल्म मागवलीय. पीओवर 300 किलो नेट, म्हणजे आतली पुठ्ठ्याची नळी सोडून निव्वळ फिल्म, भाव किलोला 160 रुपये. भिवंडीच्या गोदामात भर पावसात टेम्पो लागतो. ड्रायव्हर म्हणतो, “शेठ, सही द्या, अजून दोन ठिकाणी जायचंय.” चलानवर लिहिलंय, 100 रोल, 300 किलो. अशा वेळी काटा बाहेर काढणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातल्या पोळ्या मोजणं. चलानवरचा आकडा तसाच जीआरएनमध्ये उतरवा. (ते चलान पुरवठादारानेच छापलंय, म्हणजे त्याचं बिल त्याच्याच कागदाशी जुळणार. न जुळून जातंय कुठे?)

कुणी आगाऊ पोरगा रोल मोजायला लागला तर त्याला चहा आणायला पाठवा. नाहीतर त्याला 96 च रोल सापडतील. वर एक रोल काट्यावर ठेवून, रिकाम्या रोलची नळी वजा करून तो सांगेल, की 3 किलोत 600 ग्रॅम पुठ्ठाच आहे. म्हणजे फिल्म आली 230 किलो 400 ग्रॅम, आणि पीओच्या भावाने देणं होतं 36,864 रुपये, जीएसटी वेगळा.

बिल येतं 300 किलोचं, 165 रुपये भावाने, 49,500 चं. जास्तीच्या 12,636 रुपयांत भाववाढीचे फक्त 1,500. न आलेल्या चार रोलचे 1,920. उरलेले 9,216 रुपये निव्वळ पुठ्ठ्याचे! सिस्टिमला यातला फक्त भाव दिसतो, कारण वजन तिन्ही कागदांवर 300 च आहे. तोही तीन टक्क्यांच्या जरा वर. टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, पाच टक्के ठेवलात की बिल आपोआप पास.

चुकून फरक कळलाच, तर फोनवर कुरकुर करा, लेखी काही देऊ नका. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर माल आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि ती मिटेपर्यंत पेमेंटची मुदत सुरू होत नाही. पण एवढ्या तेवढ्यासाठी मेल कोण लिहिणार? आणि क्रेडिट नोट मागितली तर त्यांना वाईट वाटेल.

नळ्या मात्र फेकू नका. 57 किलो 600 ग्रॅम भरतील. महिन्याअखेरीस भंगारवाला येईल, तो प्रत्येक नळी काट्यावर ठेवून घेतो.