दुकानं वाढवली की विक्री वाढतेच का?

"मधला दलाल कापा, थेट गिऱ्हाइकाला विका. आणि दुकानातूनच विकायचं असेल तर एकही दुकान सोडू नका. जितकी दुकानं, तितकी विक्री."

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेतली सबमर्सिबल मोटर घ्या आणि हा सल्ला तिला लावून बघा.

आधी दलालाचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि मोटर जळाली, तर केळीला पाण्याचा खाडा सोसत नाही. शेतकरी तालुक्याच्या डीलरकडे धावतो. डीलरचा मेकॅनिक बोअरमधून मोटर वर ओढतो, वाइंडिंग गेलंय की नुसती केबल तुटलीय ते बघतो आणि गरज पडली तर त्याच दिवशी दुसरी मोटर सोडतो. पैसे बऱ्याचदा बाग कापल्यावर येतात. डीलरला काढलं तरी साठा, उधारी, बसवणं, दुरुस्ती ही कामं उरतातच, ती कंपनीच्या गळ्यात पडतात. डीलर पाइप, स्टार्टर आणि इतर कंपन्यांच्या मोटारीही विकतो, म्हणून मेकॅनिकचा पगार सगळ्या मालावर वाटला जातो. एकट्या कंपनीला तो परवडत नाही. एखाद्या पाणीपुरवठा योजनेला एकदम शंभर पंप द्यायचे असतील, तर मात्र थेट विक्रीच बरी.

आता दुकानांच्या संख्येचं. बिस्किटाला, मिठाला सल्ला अगदी लागू आहे. समोरच्या दुकानात नाही मिळालं तर माणूस दुसरा ब्रँड उचलतो, म्हणून तिथे सघन वितरणच हवं. मोटारीचा हिशेब करून बघा. समजा, डीलरला ती १८,००० रुपयांना पडते आणि तालुक्यात दोनच डीलर ती २०,००० ला विकतात. मेकॅनिकचा पगार १५,००० धरला, तर महिन्याला आठ मोटारींत तो निघतो. आता तीच मोटर आठ दुकानांत ठेवा. शेतकरी एका ठिकाणी तासभर माहिती घेतो आणि जो शे-पाचशे कमी करेल त्याच्याकडून उचलतो. भाव १८,५०० वर येतो, मोटारीमागे ५०० उरतात आणि तोच पगार काढायला तीस मोटारी लागतात. मग मेकॅनिक जातो, सुटे भाग ठेवणं बंद होतं आणि दुकानदार जास्त नफ्याची दुसरी मोटर पुढे करतो. म्हणून इथे निवडक वितरण.

हे बिघडतंय ते ओळखायला विक्रीचा आकडा उपयोगाचा नाही. नव्या दुकानांनी भरलेला माल सुरुवातीला विक्रीच वाटतो. डीलरकडे सील-बेअरिंग शिल्लक आहे का आणि तक्रारीनंतर मेकॅनिक किती तासांत शेतावर पोचतो, ते विचारा.

मग तालुक्याला एकच डीलर का नको? ट्रॅक्टरसारख्या मालाला, जिथे डीलर स्वतःच्या पैशाने वर्कशॉप उभारतो, तिथे अनन्य वितरण शोभतं. मोटारीत तो एकटा आळशी निघाला तर अख्खा तालुका हातचा जातो, म्हणून मी दोन ठेवीन: एक रावेरला, एक सावद्याला.