खुलासा : सर्वांत जास्त वेळा आलेला कोड म्हणजे थीम नव्हे

मुलाखतींचं विश्लेषण करताना उताऱ्याला दिलेलं छोटं नाव म्हणजे कोड, आणि अनेक कोड मिळून जो एक अर्थ सांगतात ती थीम. थीम निवडण्याबद्दल एक समज असा: ‘जो कोड सगळ्यांत जास्त वेळा आला, तीच थीम. बाकीचे कोड सोडून द्यायचे.’

हे चूक आहे. ब्राऊन आणि क्लार्क या संशोधकांनी थीमॅटिक अ‍ॅनालिसिस या पद्धतीवरच्या 2006 च्या लेखातच सांगितलंय की थीमचं महत्त्व संख्येवर नाही, संशोधन-प्रश्नाशी असलेल्या नात्यावर ठरतं.

समजा, नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुटपाथवरचे विक्रेते आपली जागा कशी टिकवतात, हा प्रश्न आहे. ‘उधारी’ हा कोड भरपूर आला, पण मुलाखतकारानेच दर वेळी उधारीबद्दल विचारलं होतं. ती मोजणी प्रश्नावलीची झाली. उलट ‘शेजाऱ्याला जागा राखायला सांगणे’, ‘मागच्या दुकानदाराला सांभाळून घेणे’, ‘विक्री नसतानाही गाडी लावणे’ हे कोड थोडेच आले, तरी एकच गोष्ट सांगतात: जागेवरचा हक्क रोज नव्याने मिळवावा लागतो. ही थीम.

थीम पूर्ण वाक्यात लिहा. ‘अडचणी’ एवढंच सुचलं, तर तो नुसता विषय आहे. मग थीमखालचे सगळे उतारे सलग वाचा, त्यानंतर मूळ मुलाखती पुन्हा. एखादा विक्रेता ‘माझी जागा कोणी घेतच नाही’ म्हणत असेल, तर त्याला वगळू नका, वाक्य बदला.