हेगचं सल्लागार मत: बंधनकारक नाही, पण वाया गेलेलंही नाही

कुलभूषण जाधवांच्या खटल्यापासून आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय चांगलंच परिचयाचं झालंय. मागच्या आठवड्यात रामबागेत एका घरगुती बैठकीत विषय निघाला, तेव्हा शेजारच्या काकांनी मला विचारलं, "वकीलबाई, मग भारताने सगळ्याच भांडणांवर त्या कोर्टाचं मत का मागून घेऊ नये?" मी म्हटलं, "काका, भारताला मागताच येत नाही." यावर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जाधवांचं प्रकरण हा दोन देशांमधला खटला होता. दोन्ही देशांनी आधीच एका कराराने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला होता, म्हणून तो चालला आणि म्हणूनच निकाल पाकिस्तानवर बंधनकारक ठरला. सल्लागार मताची, म्हणजे खटला न चालवता एखाद्या कायदेशीर प्रश्नावर न्यायालय जे मत देतं त्याची, वाट वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९६व्या कलमानुसार असं मत आमसभा किंवा सुरक्षा परिषद मागू शकते, तेही कुठल्याही कायदेशीर प्रश्नावर. बाकीच्या संस्थांना आमसभेने तशी परवानगी द्यावी लागते आणि प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कामकाजातला असावा लागतो. अण्वस्त्रांचा वापर कायदेशीर आहे का, हे जागतिक आरोग्य संघटनेने विचारलं तेव्हा १९९६ साली न्यायालयाने मत द्यायला नकार दिला. अण्वस्त्रांनी आरोग्यावर काय परिणाम होतो हा तुमचा विषय, पण ती वापरणं कायदेशीर की बेकायदेशीर हा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. देश, नागरिक, संघटना यांना तर ही दारं बंदच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनाही स्वतःहून मागता येत नाही.

मग एखाद्या छोट्या देशाने काय करायचं? मॉरिशसने जे केलं ते प्रत्येक वकिलाने अभ्यासण्यासारखं आहे.

हिंदी महासागरातला चागोस द्वीपसमूह मॉरिशसचा भाग होता. स्वातंत्र्य द्यायच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने तो वेगळा काढून घेतला आणि तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ दिला. १९६७ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना उठवून बाहेर काढलं. मॉरिशसला ब्रिटनवर सरळ खटला भरता येत नव्हता, कारण राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद ब्रिटनने न्यायालयाच्या अधिकाराबाहेर ठेवलेले आहेत. (भारतानेही असंच केलंय. २००० साली पाकिस्तानचा विमान पाडल्याचा दावा भारताने याच आधारावर उडवून लावला होता.)

म्हणून मॉरिशसने आमसभा गाठली. २२ जून २०१७ रोजी ठराव मताला आला. बाजूने ९४, विरोधात १५, तटस्थ ६५. भारताचं मत बाजूने पडलं, फ्रान्स आणि जर्मनी तटस्थ राहिले. माझ्या मते खरं कसब या ठरावातल्या प्रश्नाच्या मांडणीत आहे. "ही बेटं कोणाची?" असं विचारलं असतं तर तो दोन देशांचा वाद झाला असता, आणि ब्रिटनची संमती नसताना त्यात शिरायला न्यायालय कचरलं असतं. म्हणून विचारलं असं: १९६८ मध्ये मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली का, आणि ब्रिटनने कारभार चालूच ठेवल्याचे परिणाम काय? वसाहतमुक्ती हे आमसभेचंच काम. ब्रिटनने "हा आमचा आपसातला वाद आहे, मागच्या दाराने आणलाय" असा आक्षेप घेतलाच, पण न्यायालयाने तो मानला नाही.

२५ फेब्रुवारी २०१९ ला मत आलं, तेरा विरुद्ध एक. तेरांमध्ये आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. १९६५ मध्ये मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्या शिष्टमंडळाने बेटं द्यायला संमती दिली होती, हा ब्रिटनचा मोठा आधार. न्यायालय म्हणालं, ज्याच्या ताब्यात वसाहत आहे त्यालाच दिलेली संमती ही लोकांची मुक्त इच्छा म्हणता येत नाही. वसाहतमुक्ती अपुरी राहिली आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर कारभार संपवला पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं. शिवाय सगळ्या देशांनी संयुक्त राष्ट्रांना यात सहकार्य करायला हवं, असंही म्हटलं.

ब्रिटनचं उत्तर ठरलेलं होतं: हे मत आहे, निकाल नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. आमसभेने सहा महिन्यांत बाहेर पडा असा ठराव केला, मुदत उलटली, ब्रिटन हललं नाही. आमच्या बाररूममध्येही "मग उपयोग काय?" हा प्रश्न हमखास येतो. माझं ठाम मत आहे की हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी बघतो. हे मत कोणाला हुकूम देत नाही. कायदा काय आहे हे मात्र ते सांगतं, आणि तो कायदा आधीपासूनच सगळ्यांना लागू असतो.

पुढे काय झालं ते बघा. मॉरिशस आणि मालदीव यांच्यात सागरी सीमेचा वाद हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या विशेष कक्षापुढे गेला. मालदीवचं म्हणणं, चागोस कोणाचं हे ठरलेलं नाही आणि ब्रिटन इथे हजर नाही, मग सीमा कशी आखणार? जानेवारी २०२१ मध्ये विशेष कक्षाने हा आक्षेप फेटाळला. मत बंधनकारक नसलं तरी त्याला कायदेशीर परिणाम आहे आणि त्यानंतर ब्रिटनचा हक्क हा नुसता दावा उरतो, असं ठरवलं. २०२३ मध्ये सीमाही आखून दिली. म्हणजे बंधनकारक नसलेल्या मताच्या जोरावर एक बंधनकारक निकाल उभा राहिला.

त्याच वर्षी, २०२१ मध्येच, जागतिक टपाल संघाने 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' या चागोसच्या ब्रिटिश नावाची तिकिटं नोंदवणं आणि वाटणं थांबवलं. आमच्या काकांच्या अल्बममध्ये त्या नावाचं माशाचं एक तिकीट आहे. संग्रहात ते राहील, पण टपाल संघाच्या लेखी तो प्रदेश आता मॉरिशसचा. एकेक संस्था अशी सरकत गेली आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडेच राहायचा. सही होणं आणि करार अमलात येणं यात अंतर असतं हे मी रोज कोर्टात बघते. तरी २०१७ च्या आधी ब्रिटन अशा कागदावर सही करेल असं कुणी म्हटलं असतं तर मी मानलं नसतं.

माझी या मताबद्दल एक गंभीर तक्रार आहे. बेटांवरून हाकललेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा उल्लेख आमसभेच्या दुसऱ्या प्रश्नात स्पष्ट होता. न्यायालयाने त्यावर जेमतेम एक वाक्य खर्च केलं: हा मानवी हक्कांचा विषय आहे, वसाहतमुक्ती पूर्ण करताना आमसभेने तो बघावा. सीमेबाबत ज्या मताचा इतका उपयोग झाला, तेच घर गमावलेल्या माणसांबाबत इतकं तोकडं का राहिलं? परिणाम करारात दिसतो. इतर बेटांवर लोकांना परत वसवायला मॉरिशसला मोकळीक आहे, पण जिथून सर्वाधिक लोक उठवले गेले त्या दिएगो गार्सियावर परतणं त्यात नाही. निदान परतण्याचा हक्क आहे की नाही, एवढं तरी तेव्हा स्पष्ट सांगायला हवं होतं. तेवढं लिहिलं असतं तर आज वाटाघाटीत चागोसच्या लोकांच्या हातात काहीतरी असतं.