तीन-तीनवाली

माझ्या उजव्या हाताला एक धून येते. मला नाही येत, हाताला येते. शाळेत कीबोर्डच्या तासाला सर फळ्यावर नोटेशन न लिहिता बोटांचे आकडे लिहायचे. अंगठा १, करंगळी ५. त्यातलं ३३४५, ५४३२, ११२३, ३२२ हे आजही बँकेच्या रांगेत, बसच्या दांड्यावर, सासूबाईंशी फोनवर बोलताना पोळपाटावर आपोआप वाजतं. धुनेचं नाव सरांनी सांगितलं नव्हतं. आम्ही तिला 'तीन-तीनवाली' म्हणायचो.

तिचं खरं नाव काय, हा प्रश्न मी एका रविवारी मावशीकडे काढला. मावशी पेटी शिकवते. "म्हणून दाखव," ती म्हणाली. मी गुणगुणले. मौसाजी पेपरमागून म्हणाले, "आरती आहे." माझ्या गळ्यातून काहीही आलं तरी चौथ्या सुराला त्याची आरतीच होते, त्यामुळे ही साक्ष बाद झाली. मग मी बोटांचे आकडे सांगितले.

"ते ठीक आहे गं," मावशी म्हणाली, "पण अंगठा कुठे होता?"

मला कुठे आठवायला! पांढऱ्यावर होता, एवढं नक्की. मावशीने पेटी पुढे ओढली आणि अंगठा पांढरी दोनवर ठेवला. तीन, तीन, चार, पाच. ऐकूनच घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. पांढरी दोनला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की मधल्या बोटाखाली कोमल गंधार येतो. बोटं तीच, धून रडवी. मग तिने अंगठा पांढरी चारवर नेला. आता अनामिकेखाली तीव्र मध्यम आला आणि तीन-तीनवालीला यमनची हवा लागली. मावशी खूश होऊन तिकडेच रमली, तिला ओढून परत आणावं लागलं. शेवटी अंगठा पांढरी एकवर बसला आणि ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे असं सगळं शुद्ध, उजेडाचं वाजलं. माझ्या हाताने ओळख दिली. नाव मात्र मावशीलाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात भाचा रेकॉर्डर नावाची तोंडाने फुंकायची बासरी घेऊन आला. त्याच्या शाळेत तो सक्तीचा आहे, म्हणजे शेजाऱ्यांनाही. "तीन, तीन, चार, पाच ना?" म्हणत त्याने तीन भोकं झाकली, मग चार, मग पाच. रेकॉर्डरवर जितकी भोकं झाकाल तितका सूर खाली उतरतो. त्यामुळे धून जिथे चढायची तिथे उतरली आणि उतरायची तिथे किंचाळत चढली. तीन-तीनवालीचं शीर्षासन! मौसाजी पेपर घेऊन गॅलरीत गेले.

पण त्या शीर्षासनातूनच वाट सापडली. आकडे बाजूला ठेवून नुसतं वर, खाली की तिथेच, एवढं लिहिलं तर? डेनिस पार्सन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९७५ साली नेमक्या याच पद्धतीने हजारो धुनांची सूची छापली होती. सूर चढला की U, उतरला की D, तोच राहिला की R, आणि पहिल्या सुराला नुसती चांदणी. अंगठा कुठे होता हे कुणी विचारतच नाही. आमची धून अशी निघाली: *RUURDDDDRUURDR. भाच्याने ती म्युझिपीडिया या धुना ओळखणाऱ्या संकेतस्थळावर टाकली आणि उत्तर आलं बीथोवन. नववी सिंफनी, शेवटचा भाग, 'ओड टू जॉय', व्हिएन्ना, १८२४. पांढरी दोनवर जिचं सुतक पाळलं, तिचं नाव आनंदगीत!

"याला अंतरा नाही का?" मावशीने विचारलं.

होता. सरांनी तिसरी ओळ का गाळली, ते ती वाजवताना कळलं. तिच्या शेवटी एकदम मंद्र पंचमावर उतरावं लागतं आणि पाच बोटांचं सगळं गणित मोडतं. अंगठा सा सोडून डावीकडे धावतो, उरलेली बोटं वरातीत चुकलेल्या पोरांसारखी इकडेतिकडे बघतात. त्यात मूळ चालीत चौथी ओळ एक मात्रा आधीच सुरू होते. मावशीने ते दोनदा ऐकलं, हाताने मात्रा मोजल्या आणि पहिल्यांदाच कौतुकाने मान हलवली.

"समेच्या आधीच उठला की गं! शिकला कुणाकडे हा?"

"हायडनकडे," भाच्याने वाचून सांगितलं.

"वाटलंच," मावशी म्हणाली, आणि पेटीचा भाता लावला.