वर्गातल्या संशोधनाचा फॉर्म: त्या मेसेजमधलं काय चूक आहे

'शाळेतून संशोधनाचा फॉर्म आलाय? मुख्याध्यापकांनी परवानगी दिलेलीच असते, तुमची सही फक्त औपचारिकता. एकदा सही केली की मूल मधूनच बाहेर पडू शकत नाही. सही नाही केली तर मार्क कापतात.'

हा मेसेज बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या नणंदेने फॉर्म न वाचताच सही करून दिला. मी शिक्षणातल्या संशोधनाचे असे फॉर्म लिहिते, म्हणून गप्प बसवत नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी असते ती संशोधकाला शाळेत येण्यासाठी. मुलाला अभ्यासात घ्यायचं की नाही, हे पालक ठरवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य-संशोधनासाठी आहेत, पण वर्गातल्या अभ्यासालाही तीच शिस्त शोभते. पालकांच्या संमतीबरोबर त्यांत मुलाचाही होकार लागतो: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. आईने सही केली आणि मूल 'मला नको' म्हणालं, तर साध्या वाचनाच्या अभ्यासात त्याला ओढून बसवता येत नाही.

सगळ्यात घातक आहे ती माघारीची गोष्ट. समजा, चौथीच्या वर्गात मुलांचं मोठ्याने वाचन रेकॉर्ड करायचं आहे. चांगल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं: 'आम्ही तुमच्या मुलाचा आवाज रेकॉर्ड करू. नावाऐवजी क्रमांक लिहू. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात ठेवू. तुम्ही कधीही, कारण न सांगता नाही म्हणू शकता.' खाली दोन वेगळ्या चौकटी असतात, एक अभ्यासात भाग घेण्याची आणि एक रेकॉर्डिंगची. पहिल्या चौकटीत हो आणि दुसऱ्यात नाही, असंही चालतं. मग संशोधक नुसत्या नोंदी घेतो. मूल नंतर बाहेर पडलं, तर यादीत त्याचा क्रमांक शोधून रेकॉर्डिंग पुसतात.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: ती यादी एकदा नष्ट केली की कोणता आवाज कुणाचा, हे कळत नाही, आणि मग पुसणं शक्य राहत नाही. म्हणून पत्रकात ती यादी कधी नष्ट होणार, ती तारीख हवी. तारीख नसेल तर सही करण्याआधी विचारा. 'डेटा अनामिक स्वरूपात जतन केला जाईल' एवढंच छापलं असेल, तरीही विचारा. असे फॉर्म येतात, आणि पालकांचा संशय वाढतो तो त्यांच्यामुळेच.

मार्कांचं म्हणणं तर सरळ खोटं आहे. सही नसलेलं मूल त्याच तासाला वर्गातच शिकतं, फक्त त्याची नोंद घेत नाहीत. कुणी शिक्षक मार्कांची भीती घालत असेल, तर पत्रकावर नैतिकता समितीचा फोन नंबर असतो, तिथे कळवा. नंबरच नसेल तर सही करू नका. सही केलीत तर फॉर्मची एक प्रत मागून घरी ठेवा.

नणंदेला मी आज शाळेत पाठवलंय, रेकॉर्डिंगच्या चौकटीबद्दल विचारायला.