दोन्ही बाजू जुळल्या, पण उत्तर चुकलं

"रेशो देऊन बॅलन्सशीट मागितलं की डोकं लावू नका. करंट रेशोतून क्विक रेशो वजा केला की स्टॉक, स्टॉकला टर्नओव्हरने गुणलं की सेल्स, आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे उत्तर बरोबर."

हा मेसेज बीकॉमच्या पोरांच्या ग्रुपवर फिरून फिरून माझ्याकडे तीनदा आलाय, म्हणून एक सम घेऊनच बोलतो. करंट रेशो 2.5, क्विक रेशो 1.5, वर्किंग कॅपिटल 1,20,000. स्टॉक टर्नओव्हर 6 वेळा, तो कॉस्ट ऑफ गुड्स सोल्डवर आणि क्लोजिंग स्टॉकवर काढलेला. ग्रॉस प्रॉफिट सेल्सच्या 20 टक्के, सगळी विक्री उधार, डेटर्स 2 महिन्यांचे, आणि फिक्स्ड अॅसेट्स टर्नओव्हर कॉस्टवर 1.2.

आता पहिलं वाक्य बघा. 2.5 वजा 1.5 म्हणजे 1, मग स्टॉक काय 1 रुपया? तो 1 म्हणजे करंट लायबिलिटीजच्या 1 पट, आणि त्या लायबिलिटीज किती हे कुठल्यातरी रुपयातल्या आकड्यावरूनच कळणार. इथे तो आकडा वर्किंग कॅपिटलचा आहे. लायबिलिटीज 1 धरल्या तर अॅसेट्स 2.5, फरक 1.5, म्हणजे 1.5 पट बरोबर 1,20,000, म्हणून लायबिलिटीज 80,000, करंट अॅसेट्स 2,00,000, क्विक अॅसेट्स 1,20,000 आणि स्टॉक 80,000.

पण ही वजाबाकी चालते कधी, तर दोन्ही रेशोंच्या खाली एकच आकडा असेल आणि प्रीपेड खर्च नसेल तेव्हा. काही पुस्तकांत क्विक रेशो काढताना करंट लायबिलिटीजमधून बँक ओव्हरड्राफ्ट वगळतात. समजा ह्याच समात 20,000 ओव्हरड्राफ्ट दिलाय आणि तुम्ही तो वगळला, तर क्विक अॅसेट्स 60,000 च्या दीडपट म्हणजे 90,000, स्टॉक 1,10,000, आणि तसंच पुढे गेलात तर डेटर्स येतात 1,37,500. क्विक अॅसेट्सच 90,000 आणि त्यातले डेटर्स त्याहून जास्त! रोकड मायनस आली की समजा, धरलेली व्याख्या ह्या समाची नाही, मागे जा.

सेल्सच्या बाबतीत तर मेसेज सरळ चुकतोय. 80,000 गुणिले 6 म्हणजे 4,80,000, पण ही कॉस्ट झाली, सेल्स नाही. 20 टक्के नफा सेल्सवर आहे म्हणून कॉस्ट ही सेल्सच्या 80 टक्के, आणि सेल्स 6,00,000. (अर्धा वर्ग इथे 4,80,000 वर 20 टक्के चढवून 5,76,000 लिहितो, दरवर्षी, न चुकता. सेल्सवर 20 म्हणजे कॉस्टवर 25 हो.) डेटर्स 2 महिन्यांचे म्हणजे 1,00,000, रोकड 20,000, फिक्स्ड अॅसेट्स 4,80,000 भागिले 1.2 म्हणजे 4,00,000. एकूण 6,00,000, त्यातून 80,000 गेले, मालकाचं भांडवल 5,20,000.

समात अॅव्हरेज स्टॉक म्हटलं असतं आणि ओपनिंग स्टॉक क्लोजिंगपेक्षा 20,000 ने कमी असता, तर 70,000 गुणिले 6, कॉस्ट 4,20,000, पुढचं सगळं बदलतं. म्हणून "क्लोजिंग" की "अॅव्हरेज" हा शब्द आधी अधोरेखित करा.

आता तो जुळण्याचा भाग, माझा खरा राग ह्यावर आहे. मेसेजप्रमाणे 4,80,000 लाच सेल्स मानून बघू. कॉस्ट 3,84,000, डेटर्स 80,000, रोकड 40,000, फिक्स्ड अॅसेट्स 3,20,000, एकूण 5,20,000, भांडवल 4,40,000. दोन्ही बाजू 5,20,000, छान जुळलं! जुळणारच की, भांडवल आपण उरलेली रक्कम म्हणून स्वतःच भरलंय, अॅसेट्सच्या बाजूला काहीही टाकलं असतं तरी जुळलं असतं.

तपासायचं असेल तर तयार ताळेबंदावरून समातले रेशो परत काढा. ह्या चुकीच्या उत्तरात 3,84,000 भागिले 80,000 केलं की 4.8 येतो, दिलेला होता 6. बाकी करंट, क्विक, डेटर्स सगळे रेशो बरोबर निघतात, फक्त हा एक चूक पकडून देतो, म्हणून एक-दोन रेशो बघून थांबू नका. आणि समात भांडवलाशी जोडलेला वेगळा रेशो दिला असेल, समजा फिक्स्ड अॅसेट्स भांडवलाच्या किती पट, आणि त्याच्याशिवाय सगळे आकडे निघत असतील, तर तो आधी वापरू नका, शेवटच्या पडताळणीसाठी राखून ठेवा. तो नसेल तर वर्किंग नोटमध्ये ही उलटी आकडेमोड दोन ओळींत लिहायची, पाच मिनिटंही लागत नाहीत.