जांभळी साडी राणी रंगाची कशी झाली

काल दुपारी रामबागेतल्या एका काकू माझ्याकडे पिशवी घेऊन आल्या, चेहरा उतरलेला. काकू महेश्वरच्या विणकरांकडून साड्या आणून घरूनच ऑनलाइन विकतात. मागच्या महिन्यात त्यांच्या बारा साड्यांचे फोटो मी काढून दिले होते. त्यात एक धूपछांव होती, एकाच रंगाच्या चार साड्या. उभे धागे म्हणजे ताणा राणी रंगाच्या रेशमाचा, आडवे म्हणजे बाणा निळ्या सुताचा, किनारीला चटाईची नक्षी. चारही लगेच विकल्या गेल्या आणि त्यातल्या तीन परत आल्या. तिघींची तक्रार एकच: फोटोतला रंग वेगळा आहे.

"तू रंग बदललास," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या.

"काकू, रंग नाही बदलला. एडिटिंग केलं."

"मग करूच नकोस ना ते. कॅमेऱ्यात जसा आला तसा दे."

मी तो कच्चा फोटो उघडला. साडी मळकट निळसर दिसत होती, चार धुण्यांनंतर विटल्यासारखी.

"अगंबाई, ही कोणाची साडी?"

"तुमचीच. कॅमेऱ्यात आली तशी."

त्यांनी पिशवीतून साडी काढली, उलगडली आणि स्क्रीनशेजारी धरली. "आता तूच सांग. ही जांभळी आहे. तुझ्या एका फोटोत निळी आहे, दुसऱ्यात राणी. खरी कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण दोन्ही फोटो चुकलेले होते आणि चूक माझी होती. ती कशी झाली ते नीट सांगतो. इंदुरात आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणी असा घरून धंदा करतात आणि फोटो काढणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच दिवे वापरतात.

त्या दिवशी माझा फ्लॅश दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी स्वस्तातले दोन एलईडी पॅनल लावले. शिस्तीप्रमाणे पहिल्या फोटोत साडीवर ग्रे कार्ड ठेवलं. हे करड्या रंगाचं कार्ड त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के उजेड परत फेकतं. संगणकावर त्याच्यावर क्लिक केलं की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे होतात, तिन्ही साधारण ११८. उजेडाची पिवळी किंवा निळी झाक त्यामुळे निघून जाते, यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. माझे आकडे सारखे आले आणि मी निश्चिंत झालो.

तिथेच फसलो. कार्ड करडं आलं म्हणजे सगळे रंग बरोबर आले असं होत नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल भाग फार कमी असतो. डोळ्याला तो उजेड पांढराच दिसतो, कार्डही करडं येतं, पण लाल किंवा राणी कापडाला परत फेकायला लागणारा लालच उजेडात नसतो. जे कापडावर पडलंच नाही ते कॅमेऱ्यात कुठून येणार? म्हणून राणी ताणा मेला आणि निळा बाणा वर आला. व्हाइट बॅलन्सचा काटा कितीही फिरवला तरी हे दुरुस्त होत नाही.

मग मी जे केलं ते खरं चुकीचं. साडी जवळ नव्हती, काकू ती घेऊन गेल्या होत्या. आठवणीवर भरवसा ठेवून मी लाल आणि मजेंटाचं सॅच्युरेशन वाढवत गेलो, "हं, आता छान दिसतेय" असं वाटेपर्यंत. काल काकूंसमोर तोच फोटो १०० टक्के मोठा करून पाहिला. पदरावर लाल आकडा २५५ ला जाऊन टेकला होता, त्याच्यापुढे जागाच नसते. तिथे विणीचे धागे दिसेनात, नुसता सपाट राणी रंग. किनारीतली चटाईसुद्धा अर्धी बुजली होती. रंग प्रमाणाबाहेर ओढलाय हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. फोटो मोठा करा आणि धागा शोधा. धागा हरवला असेल तर रंगही गेलेला असतो.

काकू म्हणाल्या, "मग पुन्हा काढ. माझ्यासमोर काढ."

काढला. फ्लॅश आता दुरुस्त होऊन आला होता. त्याचा उजेड दिवसाच्या उजेडाच्या जवळ जातो आणि त्यात लाल भागही पुरेसा असतो. ट्यूबलाइट बंद केली, पडदा ओढला, कार्ड ठेवून पहिला फोटो घेतला. कार्डाचे आकडे १२६, ११८, १०९ आले, ते सारखे केले आणि सॅच्युरेशनला हात लावला नाही. मग साडी मॉनिटरशेजारी खिडकीच्या उजेडात धरली, उन्हात नाही, सावलीत. त्याआधी स्क्रीनजवळ एक कोरा पांढरा कागद धरून मॉनिटरची चमक इतकी उतरवली की स्क्रीनवरचा पांढरा आणि कागद सारखे दिसले. नाहीतर प्रखर स्क्रीनपुढे कुठलंही कापड मळकंच वाटतं.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "हो, ही माझी." मग त्यांनी पदर जरा वळवला. "पण हे बघ, इथे राणी दिसतंय. ते फोटोत नाही."

त्यांचं बरोबर होतं. धूपछांव साडीला एक रंग नसतोच. रेशमी ताणा चमकतो, सुती बाणा चमकत नाही. घडीच्या माथ्यावर उजेड पडला की राणी उठून दिसतो, उतारावर निळा. सरळ पसरलेल्या साडीचा फोटो कितीही अचूक असला तरी तो या साडीबद्दल अर्धंच सांगतो. म्हणून आणखी एक फोटो चुण्या पाडून, बाजूने उजेड देऊन काढला आणि पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ केला.

"आणि बायका रात्री दिव्याखाली पार्सल उघडतात, तेव्हा?" काकूंनी विचारलं.

याला माझ्याकडे इलाज नाही. त्यांच्या घरातला दिवा माझ्या त्या पॅनलसारखाच असेल, तर खरी साडीसुद्धा निळसरच दिसेल. मोबाइलवर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू असेल तर फोटोही बदलेल. ते शब्दांतच सांगायला हवं, म्हणून साडीखालचा मजकूर काकूंनी तिथेच मला लिहून घ्यायला लावला: "दिवसाच्या उजेडात जांभळी, पदर हलला की राणी झाक. काही घरगुती दिव्यांखाली निळसर वाटेल."

"एडिट करू नको" असं सांगणाऱ्या ग्राहकांशी मी पूर्वी वाद घालायचो. आता कच्चा फोटो उघडून दाखवतो, कारण तो खरा असतोच असं नाही. पण माझ्या धंद्यातल्या लोकांनाही सांगतो, साडी समोर नसताना "छान दिसतंय" म्हणून रंग वाढवणं ही त्या घेणाऱ्या बाईची फसवणूक आहे, मग आपण त्याला एडिटिंग म्हणा की आणखी काही. काकूंना तीन साड्यांचं परतीचं कुरिअर माझ्यामुळे पडलं. ते पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. कालच्या कामाचे पैसे मात्र मी घेतले नाहीत.

त्या बारातल्या डाळिंबी आणि मरून साड्याही त्याच पॅनलखाली काढलेल्या आहेत. त्यांची तक्रार अजून आलेली नाही. काकूंना फोन करून त्या दोन्ही पानावरून उतरवायला सांगितल्या आहेत. उद्या सकाळी दहाला त्या साड्या घेऊन येतायत.